०.८९ कुठून आलं?

पाथर्डीकडचे एक प्राथमिक शिक्षक एम.एड.चा प्रबंध घेऊन माझ्याकडे आले होते. मी निवृत्त झालो असलो तरी नगरमधले जुने विद्यार्थी अशा कामाला कुणाकुणाला धाडत असतात. त्यांनी पाचवीसाठी अपूर्णांकांची एक चाचणी तयार केली होती. प्रश्न चांगले होते, मुलांच्या घरादारातले होते. तिसऱ्या प्रकरणात मात्र एक वाक्य होतं: ‘चाचणीची विश्वसनीयता ०.८९ आढळली.’

“कुठली विश्वसनीयता?” मी विचारलं.

“म्हणजे सर... विश्वसनीयता. कॉम्प्युटरवर काढली.”

मापनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि हे उत्तर मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. विश्वसनीयता म्हणजे गुण किती स्थिर आहेत. तेच मूल पुन्हा मोजलं तर साधारण तिथेच उभं राहील का. पण ‘पुन्हा मोजणं’ हे तीन तऱ्हांनी करता येतं, आणि तिन्ही वेळा आपण वेगळ्याच चुकीचा माग काढत असतो. म्हणून मी त्यांच्या चाचणीतले चारच प्रश्न घेतले, सहाच मुलांचे पेपर घेतले आणि पाठकोऱ्या कागदावर सगळं हातानं करायला लावलं. (सहा मुलांवरून खरी विश्वसनीयता कुणी काढू नये, त्याला शंभरावर मुलं हवीत. पण सहा मुलांचं गणित डोळ्यांना दिसतं.)

पहिला प्रश्न, अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती. दुसरा, १/२ आणि १/३ यांत मोठा कोणता. तिसरा, पाऊण एकर उसापैकी दोन तृतीयांश तोडला तर किती एकर तोडला. चौथा, ५/६ मधून १/४ वजा करा. बरोबरला एक, चुकीला शून्य.

| मूल | प्र. १ | प्र. २ | प्र. ३ | प्र. ४ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अ | १ | १ | १ | १ | ४ |
| ब | १ | १ | १ | ० | ३ |
| क | १ | १ | ० | १ | ३ |
| ड | १ | ० | ० | ० | १ |
| इ | ० | १ | ० | ० | १ |
| फ | ० | ० | ० | ० | ० |

सरासरी २ आली. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर घेऊन त्याचा वर्ग केला, बेरीज १२ झाली, सहानं भागलं. प्रचरण २. गुणांचा हा पसारा पुढे सतत लागतो, म्हणून तो कागदाच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवला.

चाचणी-पुनर्चाचणी ही सगळ्यांत सरळ पद्धत. तीच चाचणी काही दिवसांनी त्याच मुलांना पुन्हा द्यायची आणि दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध काढायचा. दुसऱ्या वेळी आमच्या सहा मुलांना क्रमानं ४, ३, २, २, १, ० मिळाले. सहसंबंध ०.९१. मास्तर खूश झाले.

“दोन चाचण्यांत किती दिवस ठेवले होते?” मी विचारलं.

“पंधरा. पहिली दिवाळीच्या सुट्टीआधी, दुसरी सुट्टीनंतर.”

पाथर्डीत हे चालत नाही, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, टोळ्या निघतात, आणि आईबाप कोयत्यावर गेले की बरीच मुलंही बरोबर जातात. दुसऱ्या चाचणीला वर्गात बसलेली मुलं ही पहिल्या वर्गातली उरलेली मुलं असतात. आमच्या कागदावर मी तेच करून दाखवलं. समजा, ‘फ’ आईबरोबर उसाच्या फडावर गेला आणि ‘अ’ तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेला. उरले चौघे. त्यांचे पहिले गुण ३, ३, १, १ आणि दुसरे ३, २, २, १. सहसंबंध ०.७१. या चौघांचा एकही गुण बदललेला नाही. टोकाची दोन मुलं गेली, पसारा आकसला आणि आकडा घसरला. विश्वसनीयता चाचणीच्या कागदाला चिकटलेली नसते, ती या मुलांच्या या गुणांची असते, हे वर्गात शंभरदा सांगून जे पोहोचत नाही ते या दोन मुलांच्या गैरहजेरीनं पोहोचलं.

उलटी फसगतही होते. मधल्या दिवसांत कुणी अपूर्णांक शिकवले आणि प्रत्येक मुलाचे गुण सारखेच वाढले, तर सहसंबंधाला त्याचा पत्ताच लागत नाही. तो फक्त रांगेतल्या जागा आणि त्यांमधली अंतरं बघतो. म्हणून दोन्ही वेळच्या सरासऱ्या शेजारी छापल्याशिवाय हा आकडा वाचू नये. अंतर फार कमी ठेवलं तर मुलांना ‘पाऊण एकर’चं उत्तरच आठवतं आणि आपण स्मरणशक्ती मोजून बसतो.

दुसरी पद्धत अर्धविच्छेदाची. मुलं पुन्हा बोलवायची नाहीत. एकाच पेपरचे दोन भाग करून ते एकमेकांशी ताडायचे. रिवाज सम-विषमचा. विषम प्रश्नांत (१ आणि ३) मुलांना २, २, १, १, ०, ० मिळाले आणि सम प्रश्नांत (२ आणि ४) २, १, २, ०, १, ०. सहसंबंध ०.५०. पण हा दोन प्रश्नांच्या अर्ध्या पेपरचा आकडा झाला, आणि पेपर लांबला की विश्वसनीयता वाढते. पूर्ण पेपरचा अंदाज घ्यायला स्पीअरमन-ब्राऊन सूत्र आहे. चार्ल्स स्पीअरमन आणि विल्यम ब्राऊन या दोघांनी ते १९१० साली वेगवेगळं प्रसिद्ध केलं. सहसंबंधाची दुप्पट करायची आणि सहसंबंधात एक मिळवून त्यानं भागायचं. १ भागिले १.५, म्हणजे ०.६७.

“आणि मी पहिले दोन एकीकडे, शेवटचे दोन दुसरीकडे टाकले तर?” मास्तरांनी विचारलं. या प्रश्नाचीच मी वाट बघत होतो.

त्यासाठी हार्वर्डच्या फिलिप रुलॉननं १९३९ मध्ये मांडलेली सोपी रीत घेतली. प्रत्येक मुलाच्या दोन अर्ध्यांतला फरक काढायचा, त्या फरकांचं प्रचरण घ्यायचं, एकूण गुणांच्या प्रचरणानं भागायचं आणि एकातून वजा करायचं. पहिल्या जोडीतून दुसरी जोडी वजा केली की फरक येतात ०, १, १, १, १, ०. त्यांचं प्रचरण २/९. त्याला २ नं भागलं की १/९ आणि एकातून वजा केलं की ०.८९.

मास्तर आपल्या प्रबंधाकडे बघून हसले. योगायोगच होता, पण कामाला आला.

तिसरी वाटणीही आहे, १ आणि ४ विरुद्ध २ आणि ३. तिचं उत्तर पुन्हा ०.६७. म्हणजे एकच पेपर, तीच मुलं, तीच उत्तरं. आणि कागद कुठे फाडला यावर विश्वसनीयता ०.६७ किंवा ०.८९. चार प्रश्नांच्या तीनच वाटण्या होतात. दहा प्रश्नांच्या १२६ होतात, आणि त्यातली सोयीची निवडून प्रबंधात घालायला कुणाची हरकत नसते.

ही मनमानी मिटवण्यासाठी अंतर्गत सुसंगतीची पद्धत आली. कूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये जे सूत्र दिलं त्याचं नाव केआर-२०, कारण त्यांच्या लेखात त्याचा क्रमांक विसावा होता. इतकी निर्विकार नावं शास्त्रातच मिळतात. त्यात पेपर फाडायचाच नाही, प्रत्येक प्रश्न सुटा घ्यायचा. पहिला प्रश्न सहापैकी चौघांना आला, दोघांना नाही. ४/६ गुणिले २/६, म्हणजे २/९. दुसऱ्याचं तेच. तिसरा आणि चौथा दोघांना आले, चौघांना नाही. गुणाकार पुन्हा २/९. चारांची बेरीज ८/९. तिला चौकटीतल्या २ नं भागलं, ४/९. एकातून वजा, ५/९. प्रश्नांची संख्या भागिले तिच्याहून एक कमी, म्हणजे ४/३, यानं गुणलं. २०/२७, म्हणजे ०.७४.

आता ०.८९, ०.६७, ०.६७ यांची सरासरी काढा. तीही ०.७४. हा योगायोग नाही. रुलॉनच्या रीतीनं सगळ्या शक्य वाटण्या केल्या तर त्यांची सरासरी नेमकी हीच येते. ली क्रॉनबाखनं १९५१ मध्ये हे दाखवलं आणि बरोबर-चूक इतकंच नव्हे, तर पाच पायऱ्यांच्या मतावलीलाही चालणारं व्यापक सूत्र ‘अल्फा’ या नावानं रुळवलं. आपलं नाव त्या सूत्राला लागलं याचा पुढे त्याला संकोच वाटत असे. हे सूत्र दुसऱ्या रूपांत आधीच होतं, आणि त्याच्या निधनानंतर २००४ मध्ये आलेल्या लेखात त्यानं ते मोकळेपणानं लिहिलंय.

अल्फा आला म्हणून पुनर्चाचणी बाद झाली, असं मात्र नाही. ‘ड’ला त्या दिवशी ताप असता तर त्याचे चारही प्रश्न एकदम बिघडले असते, आणि अल्फाला ते सुसंगतच वाटलं असतं. एका बैठकीतल्या पेपरला त्या दिवसाची चूक दिसत नाही, प्रश्नांच्या निवडीतली चूक दिसते. पुनर्चाचणीचं बरोबर उलटं. प्रश्न तेच असल्यानं निवडीची चूक झाकली जाते, दिवसाची उघडी पडते. म्हणून आमच्या कागदावरचे ०.९१ आणि ०.७४ एकमेकांना खोटं पाडत नव्हते. शिवाय प्रत्येक चाचणीला प्रत्येक पद्धत लागूही पडत नाही. व्ही. व्ही. कामतांनी धारवाडला बिनेच्या बुद्धिमापन कसोट्या कानडी-मराठी मुलांसाठी रुळवल्या. तसल्या वयाच्या पायऱ्यांवर बांधलेल्या चाचणीत प्रत्येक मूल वेगळ्या पायरीवर थांबतं, तिथे सम-विषम सरळ पडत नाही.

माझी स्वतःची फसगत सांगतो. उमेदीच्या काळात मी पाढ्यांची चाचणी केली होती, साठ सोपे गुणाकार आणि वेळ पाच मिनिटं. सम-विषम काढलं तर ०.९८. आठवडाभर मी मित्रांना सांगत फिरलो. मग एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, “चुकलेले किती आणि न सोडवलेले किती?” चुकलेले जवळजवळ नव्हतेच. जे मूल चाळिसाव्या प्रश्नापर्यंत पोहोचलं त्याला विषम वीस, सम वीस. जे तिसापर्यंत पोहोचलं त्याला पंधरा-पंधरा. दोन भाग जुळणारच, मुलं काहीही करोत. वेगाच्या चाचणीत पेपर वाटायचा नसतो, वेळ वाटायची असते, नाहीतर चाचणी दोनदा द्यायची असते. असा घोटाळा ओळखायचा सोपा उपाय म्हणजे पेपरांच्या शेवटच्या पानाकडे बघणं. ते कोरं असेल तर सम-विषमचा आकडा बाजूला ठेवावा. केआर-२० सुद्धा तिथे तसाच फुगतो.

मास्तरांची चाचणी वेगाची नव्हती, ते बरं होतं. संध्याकाळी निघताना त्यांनी ते वाक्य खोडलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘केआर-२०, एकाच बैठकीतले गुण. पुनर्चाचणी पंधरा दिवसांनी, दोन्ही वेळच्या सरासऱ्या सोबत. दुसऱ्या वेळी गैरहजर मुलं...’ तिथे थांबून त्यांनी हजेरीपट काढला आणि ते ऊसतोडीला गेलेली मुलं बोटावर मोजायला लागले.