कुंपण आणि वजा होणारा वर्ग

१३२ फूट तारेचे कुंपण हाताशी असेल आणि त्यात आयताकृती जागा घ्यायची असेल, तर सर्वांत मोठी जागा ३३ फूट बाजूच्या चौरसाची होते आणि तिचे क्षेत्रफळ १,०८९ चौरस फूट, म्हणजे नेमके एक गुंठा भरते. आयताच्या लगतच्या दोन बाजूंची बेरीज कुंपणाच्या निम्मी, म्हणजे ६६ फूट असल्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की, बेरीज ठरलेली असताना दोन संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती होऊ शकेल. आणि त्याचे उत्तर अंकगणिती मध्य व भूमितीमध्य यांच्यातील असमानता एका ओळीत देते. दोन धन संख्यांच्या बेरजेची निमपट हा त्यांचा अंकगणिती मध्य आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हा भूमितीमध्य. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा कधीच नसतो, आणि दोन्ही संख्या समान असतील तेव्हा, आणि तेव्हाच, ते एकमेकांइतके होतात. भूमितीमध्य ३३ च्या वर जात नाही, म्हणून गुणाकार ३३ च्या वर्गावर जात नाही, आणि ३३ गुणिले ३३ घेतल्यावर तो तिथे पोहोचतो. हे शिकवताना फळ्यावरची जागा इतकी कमी लागते की शिकवणाऱ्याला स्वतःच्या हुशारीचा भास होऊ लागतो, आणि प्रस्तुत लेखकाला तो अनेक वर्षे सुखाने होत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

या विषयातील खरी अडचण असमानता सिद्ध करण्यात नाही. ती कोणत्या दोन राशींना लावायची, हे ठरवण्यात आहे. जागेच्या एका बाजूला आधीच लांबलचक भिंत असून त्या बाजूला कुंपण लागत नसेल, तर १३२ फूट तारेतून भिंतीला समांतर अशी एक बाजू आणि भिंतीला काटकोनात अशा दोन बाजू काढाव्या लागतात. येथे बहुतेक विद्यार्थी सवयीने लांबी आणि रुंदी यांनाच असमानता लावतात, दोन्ही समान असताना गुणाकार महत्तम होतो असे लिहितात, तिन्ही बाजू ४४ फुटांच्या घेतात आणि १,९३६ चौरस फुटांवर थांबतात. उत्तर चुकीचे आहे; पण ते चुकीचे का, हे सांगणे चूक दाखवण्याइतके सोपे नाही, कारण लिहिलेली असमानता पूर्णपणे खरी असते. गुणाकार बेरजेच्या निमपटीच्या वर्गापेक्षा मोठा नाही हे बरोबरच आहे, मात्र या प्रश्नात लांबी आणि रुंदी यांची बेरीज स्थिर नाही. रुंदी एक फुटाने कमी केली की लांबी दोन फुटांनी वाढते, बेरीज एकाने चढते, आणि ज्या मर्यादेखाली गुणाकार कोंडला असे वाटत होते ती मर्यादाच वर सरकते. असमानतेच्या मोठ्या बाजूला बदलती राशी शिल्लक राहिली असेल, तर महत्तम किमतीविषयी अजून काहीच सिद्ध झालेले नाही, ही खूण उत्तर तपासणाऱ्याने शेवटच्या ओळीआधीच शोधावी.

येथे स्थिर आहे ती लांबी आणि रुंदीची दुप्पट यांची बेरीज. म्हणून दोन्ही रुंद्या मिळून एकच राशी मानायची, लांबी आणि ही दुप्पट रुंदी यांना असमानता लावायची, आणि शेवटी गुणाकाराची निमपट घ्यायची: ६६ गुणिले ६६ म्हणजे ४,३५६, त्याचे निम्मे २,१७८ चौरस फूट, म्हणजे पुरते दोन गुंठे. लांबी ६६ आणि रुंदी ३३ येते. अर्धी तार भिंतीसमोर आणि अर्धी तार दोन्ही कडांना. भिंतीपलीकडे याच जागेचे आरशातील प्रतिबिंब कल्पिले, तर २६४ फूट कुंपणातला ६६ फुटी चौरस दिसतो आणि भिंत त्याचे दोन भाग करते. चौरस नाहीसा झालेला नसून त्याचा अर्धाच भाग आपल्या वाट्याला आला आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

हल्ली ही समजूत पोहोचवण्यापूर्वीच विद्यार्थ्याच्या हाती सूत्र येते. शिकवणी वर्गांच्या टिपणांमध्ये ‘चारी बाजूंना कुंपण असेल तर चौरस, तीन बाजूंना असेल तर लांबी रुंदीच्या दुप्पट’ असे दोन ओळींत छापलेले असते, आणि दोन्ही ओळी बरोबर असल्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारा शिक्षक हटवादी ठरतो. दुसरीकडे कलनाचे, म्हणजे बदलाच्या दराचे गणित करणारे सहकारी विकलज शून्य मानून दोन पायऱ्यांत हेच उत्तर काढतात आणि असमानतेकडे जुन्या काळातले हत्यार म्हणून पाहतात. त्यांच्या बाजूने इतिहासही आहे, कारण सतराव्या शतकात फर्माने महत्तम आणि लघुतम किमती काढण्याची आपली रीत मांडली तेव्हा तिचे पहिले उदाहरण हेच होते: दिलेल्या रेषाखंडाचे दोन भाग असे करा की त्यांच्यावरील आयत सर्वांत मोठा व्हावा. तरीही विकलज शून्य होणे ही केवळ एक खूण आहे, आणि ती महत्तमाची की लघुतमाची हे पुढे पाहावे लागते. असमानता मात्र सर्व आयतांविषयी एकाच दमात बोलते, असे प्रस्तुत लेखक मोठ्या ठसक्याने सांगत असे. त्या ठसक्याला पहिला तडा गेला तो एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने: “सर, भिंत पन्नास फुटांचीच असली तर?”

पाठ्यपुस्तकांत भिंतीऐवजी बहुधा नदी असते, आणि नदीला टोक नसते. त्या सोयीमुळे हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. भिंत ५० फुटांची असेल, तर असमानता पूर्वीप्रमाणेच सांगते की क्षेत्रफळ २,१७८ च्या वर जाणार नाही. विधान खरे आहे, परंतु निरुपयोगी आहे, कारण समानता होण्यासाठी ६६ फूट भिंत हवी आणि ती नाही. वरची मर्यादा आणि महत्तम किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. मर्यादा गाठणारा एक तरी आयत दाखवता आला, तरच ती महत्तम किंमत ठरते. विद्यार्थिनीला लांबी ५० आणि रुंदी ४१ घेऊन २,०५० चौरस फूट मिळाले होते, ते महत्तम असावे असा तिचा अंदाज होता, आणि तो सिद्ध करायला एका ओळीची ती असमानता पुरेना. कलनवाल्यांचे विकलजही येथे शून्य होत नाही, हे समाधान क्षुद्र होते, पण ते वाटले खरे.

वाट सापडली ती मागे जाऊन. असमानता ज्या नित्यसमानतेतून, म्हणजे सर्व संख्यांना लागू पडणाऱ्या समीकरणातून निघते, ती अशी:

४अब = (अ + ब)² − (अ − ब)²

युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचवे विधान भूमितीच्या भाषेत हेच सांगते: रेषेचे असमान भाग घेऊन केलेला आयत, निम्म्या रेषेवरील चौरसापेक्षा, मधल्या अंतरावरील चौरसाइतका लहान असतो. असमानता लिहिताना आपण वजा होणारा वर्ग ‘शून्य किंवा अधिक’ म्हणून टाकून देतो. जिथे तो शून्य होऊ शकतो तिथे टाकून देण्यात काहीच बिघडत नाही, पण आखूड भिंत त्याला शून्य होऊ देत नाही, आणि नेमके किती होऊ देत नाही हे त्या वर्गातच लिहिलेले असते. लांबी ५० पर्यंतच असेल तर दुप्पट रुंदी निदान ८२ होते. दोघांमधला फरक ३२ पेक्षा कमी होऊ शकत नाही. तेव्हा दोघांच्या गुणाकाराची चौपट १३२ च्या वर्गातून ३२ चा वर्ग वजा करून येणाऱ्या १६,४०० च्या वर जात नाही, गुणाकार ४,१०० च्या वर जात नाही, आणि क्षेत्रफळ २,०५० च्या. विद्यार्थिनीचा अंदाज बरोबर होता.

मात्र सिद्धता अजून अर्धीच झाली, कारण जागा भिंतीच्या टोकापलीकडेही नेता येते. भिंतीच्या रेषेतला वाढीव तुकडा तेवढा कुंपणाने भरावा लागतो. अशा वेळी कुंपण आणि भिंत मिळून १८२ फुटांची पूर्ण परिमिती होते आणि लांबी व रुंदी यांची बेरीज ९१ वर स्थिर राहते. समानता ४५.५ फुटी चौरसावर व्हावी, पण या प्रकारात लांबी ५० पेक्षा कमी नाही. म्हणून फरक निदान ९, आणि ९१ च्या वर्गातून ९ चा वर्ग वजा केला की ८,२०० उरतात, ज्यांचा चौथा भाग पुन्हा २,०५० आहे. दोन्ही बाजूंनी येणारे हिशेब भिंतीच्या टोकाशी एकाच आकड्यावर मिळतात, आणि आता अंदाजाला सिद्धता म्हणता येते.

भिंत आणखी आखूड केली की चित्र पालटते. ती २४ फुटांची असेल, तर टोकाशी थांबणे तोट्याचे आहे: २४ गुणिले ५४ म्हणजे १,२९६ चौरस फूटच मिळतात. पलीकडे जाऊन परिमिती १५६ घेतली, तर ३९ फुटी चौरस बसतो, तीन बाजूंना ११७ फूट तार आणि भिंतीपुढच्या तुकड्याला १५ फूट जाते, आणि जागा १,५२१ चौरस फूट होते. हा पालट नेमका कुठे होतो हे पाहिले, तर भिंत ४४ फुटांची असताना: त्याखाली चौरस जिंकतो, ४४ ते ६६ यांच्या दरम्यान भिंतीचे टोक, आणि ६६ च्या वर भिंत कितीही लांब असली तरी तिचा उरलेला भाग वाया जातो. म्हणजे तिन्ही बाजू ४४ फुटांच्या घेणारा विद्यार्थी भिंत बरोबर ४४ फुटांची असती, तर चुकीच्या कारणाने बरोबर उत्तरावर आला असता. गुण तरीही द्यायचे नाहीत, कारण तेवढी भिंत दिलेली नाही. पण त्याच्या उत्तराकडे पूर्वीसारखे हसून पाहता येत नाही.

वजा होणाऱ्या वर्गाचा आणखी एक परिणाम शिकवण्याच्या अंगाला लागतो. लांबी ६६ पेक्षा जितके फूट कमी पडेल, त्या आकड्याच्या वर्गाच्या निम्मे क्षेत्रफळ हातचे जाते: भिंत ६० फुटांची असेल तर १८ चौरस फूट, ५० फुटांची असेल तर १२८, आणि ४४ फुटांची असेल तर २४२. महत्तम किमतीच्या आसपास तोटा अगदी हळू वाढतो आणि दूर गेल्यावर झपाट्याने. भिंत ६० फुटांवर संपत असेल, तर खांब रोवणारा माणूस १८ चौरस फुटांसाठी फारसा विचार करणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. दोन गुंठ्यांत तेवढी जागा फाटकाच्या आतबाहेरही जाते. परीक्षेत मात्र ६० आणि ३६ लिहिणाऱ्याचा प्रस्तुत लेखक, भिंतीची लांबी त्याने स्पष्ट लिहिली नसेल तर, अजूनही पूर्ण गुण कापतो.