मोसंबीचं कलम

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी बिडकीन परिसरातली शेतं गेली आणि मावेजा आला, तशी माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणारी भांडणंही बदलली. त्यातलं एक, ओळख पुसून आणि दोघांच्या संमतीने, सांगतो.

दोघे बालपणीचे मित्र. एकाची मोसंबीची बाग संपादनात गेली. दुसरा पैठण रोडवरच्या हॉटेलात चहा पिताना चारचौघांत बोलून गेला, "मावेजा आला अन् याच्या डोक्यात हवा गेली." बोलणं बंद झालं. पंधरा दिवसांनी बोलणारा भारी घड्याळ घेऊन मित्राच्या घरी गेला. बायकापोरांसमोर डबा हातात देऊन म्हणाला, "झालं गेलं विसरून जा." दुसऱ्या दिवशी घड्याळ परत आलं.

तो माझ्याकडे आला तेव्हा चिडलेला होता. "एवढं महागाचं दिलं, तरी!" गोम त्या 'तरी'त होती. घड्याळासोबत त्याने एक मागणी पाठवली होती, आणि तीही घरच्यांसमोर, म्हणजे नाही म्हणायची सोय न ठेवता. चूक काय झाली, हे मात्र त्याने उच्चारलंच नव्हतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन लझार यांनी 2004 च्या 'ऑन अपॉलॉजी' या पुस्तकात माफीचे चार भाग सांगितले आहेत: चुकीची कबुली, तिचं स्पष्टीकरण, पश्चात्ताप आणि भरपाई. भेटवस्तू फार तर चौथ्यात बसते. पहिल्याची जागा ती घेऊ शकत नाही.

म्हणून मी त्याला आधी त्याच हॉटेलात पाठवलं. अपमान चारचौघांत झाला, तर कबुलीही तिथेच हवी. तिथे तो मित्राला म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्या जमिनीवरून बोललो. चुकलो. मला तुझा हेवा वाटला होता." मित्र उठून गेला. उत्तर लगेच मिळेल अशी अपेक्षा धरू नकोस, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

भेटीचा विचार त्यानंतर. गेलेल्या बागेची आठवण टोचेल का, हे त्याने आधी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, नव्या घरामागे झाड लावायचं ते रोज बोलतात. पावसाळ्यात त्याने रोपवाटिकेतून मोसंबीचं एकच कलम आणलं. सोबत कुदळ. "लावायचं नसेल तर परत नेतो," एवढंच बोलला आणि थांबला.

मित्राने जागा दाखवली. खड्डा यानेच खणला, पण मातीची भर जास्त झाली. मित्र खेकसला, "डोळा बांधलेली जागा मातीत गाडतोस काय? वर ठेव." महिन्याभरातलं ते पहिलं वाक्य.

भेट घेऊन निघालेल्या प्रत्येकाला मी आता एवढंच विचारतो: समोरच्याने ती परत केली, तर तुम्हाला राग येईल का? येणार असेल, तर अजून निघू नका.