दोन पत्रं आणि एक पोच

आदिलाबादेतल्या आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं पहिली नोकरी गावातच करतात. कुणी जिनिंगच्या ऑफिसात, कुणी खाजगी शाळेत, कुणी खता-बियाण्यांच्या दुकानात. दोन-तीन वर्षं काढली की नागपूर, नांदेड, हैदराबाद किंवा पुण्याची वाट धरतात. मी स्वतः एका जिनिंगमध्ये बावीस वर्षं हिशेब सांभाळला. सोडून जाणाऱ्यांची पत्रं मीच टाइप करायचो आणि शेठजींच्या सहीला ठेवायचो. म्हणून नात्यातली मुलं नोकरी सोडायला निघाली की आधी माझ्याकडे येतात. त्यातली माझ्या भाचीची हकीकत इथे सांगतो. तिची जिनिंग वेगळी होती. तिचं नाव सांगायचं कारण नाही.

भाची तिथे ४ ऑक्टोबर २०२१ला लागली, कापसाच्या हंगामाच्या तोंडावर. बिलं बनवणं, टॅलीत नोंदी करणं, मजुरांचा पगारपत्रक तयार करणं ही तिची कामं. २०२४च्या फेब्रुवारीत नागपूरच्या एका कंपनीत तिची निवड झाली. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिलेली होती, म्हणून १ मार्चला तिने राजीनामा दिला आणि शेवटचा दिवस ३० मार्च धरला.

राजीनामा तिने दोन प्रतींत नेला. एक मुनीमजींकडे दिली आणि दुसरीवर 'मिळाले', तारीख, सही आणि शिक्का घेऊन घरी आणली. आपल्याकडे शेठजी तोंडाने "हो बेटा, जा खुशाल" म्हणतात, आणि तेवढ्यावर मुलं निघून जातात. पुढे कधी नव्या कंपनीचा माणूस फोन करून विचारतो तेव्हा ऑफिसातला कुणी तरी सहज बोलून जातो, "ती तर मधेच सोडून गेली." त्या वाक्यापुढे तोंडी परवानगी टिकत नाही, पोच टिकते. शेठजी सही देत नसतील तर राजीनामा ऑफिसच्या ईमेलवर पाठवावा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने टाकून पावती जपून ठेवावी.

आता ती दोन पत्रं. नागपूरच्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपीरियन्स लेटर अशी दोन्ही मागितली होती, आणि मुलांचा पुष्कळदा समज असतो की हे एकच. रिलीव्हिंग लेटर म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र. तुमचा राजीनामा मंजूर झाला, अमुक तारखेला कामाची वेळ संपल्यावर तुम्हाला मोकळं केलं, तुमच्याकडे आमचं काही येणं नाही, एवढंच ते सांगतं. नव्या कंपनीला ते हवं असतं कारण माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी पगारावर नाही हे त्यातून कळतं. एक्सपीरियन्स लेटर म्हणजे अनुभवाचा दाखला. कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, काय काम केलं आणि वागणूक कशी होती, हे त्यात येतं. पहिल्याचा उपयोग पुढच्या नोकरीपुरता, दुसऱ्याचा आयुष्यभर. छोट्या ठिकाणी दोन्ही मजकूर एकाच कागदावर दिला तरी चालतो, फक्त दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात.

भाचीचं काम अडलं ते इथे. मार्चमध्ये शेठजी म्हणाले, "मार्च एंड होऊ दे." एप्रिलमध्ये म्हणाले, "ऑडिट होऊ दे." तिकडे ती १५ एप्रिलला नागपुरात रुजू झाली होती, आणि कंपनीने कागद द्यायला तीस दिवसांची मुदत दिली होती. म्हणजे १५ मे. पाच-सहा वेळा फोन झाले. एकदा मुनीमजींनी सांगून टाकलं, "असलं पत्र आम्ही कुणाला देतच नाही." रात्री तिचा फोन आला. "मामा, हे काढून टाकतील का मला?"

मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस, म्हणून सांगतो. मालक पत्र देत नाही ते दर वेळी खुन्नस म्हणून नसतं. पहिलं कारण भीती. कागदावर सही केली की उद्या कुणी तो लेबर ऑफिसात किंवा कोर्टात दाखवेल, असं त्यांना वाटतं. दुसरं, हिशेब पुरा झालेला नसतो. आणि तिसरं, ज्याची मला गंमत वाटते, ते म्हणजे पत्र लिहायचं कसं हेच ऑफिसात कुणाला माहीत नसतं. 'नाही' म्हणणं सोपं पडतं.

कायद्याचा धाक दाखवायचा का, हे तिच्या वडिलांनी विचारलं. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा १९४६ सालचा. त्याच्या नमुना आदेशांत कायम कामगाराला सेवा संपताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहिला होता. पण तो कायदा शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांचा, आणि त्या कलमात बडतर्फी, सेवामुक्ती, निवृत्ती हे शब्द होते, राजीनामा नव्हता. चाळीस माणसांच्या जिनिंगमध्ये त्याचा आधार घेऊन भांडण्यात मला अर्थ दिसला नाही. पगार अडवला असता तर गोष्ट वेगळी. तिथे लेबर ऑफिसची पायरी चढावीच.

म्हणून आधी हिशेब पुरा करून घेतला. दसऱ्याला भाचीने ६,००० रुपये उचल घेतली होती, त्यातले ४,००० पगारातून कापले गेले होते. उरलेले २,००० मार्चच्या पगारातून वळते करा, असं तिने लिहून दिलं. मग एका कागदावर सुपूर्द केलेल्या वस्तूंची यादी केली: कपाटाच्या दोन किल्ल्या, ऑफिसचं सिम, चेकबुक, जीएसटीच्या फायली, टॅलीचा पासवर्ड बदलून कुणाला दिला त्याचं नाव. मुनीमजींनी प्रत्येक ओळीपुढे सही केली. ऑडिटमध्ये काही विचारायचं असलं तर ३० जूनपर्यंत रविवारी फोनवर सांगेन, हेही तिने लिहिलं. 'ऑडिट होऊ दे' या वाक्याला तेवढं उत्तर पुरलं.

दुसरं म्हणजे पत्रांचे मसुदे आम्हीच तयार करून नेले. लेटरहेडवर छापायचं आणि सही करायची, एवढंच काम शेठजींना ठेवलं. पत्रं इंग्रजीत होती. पहिल्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा: आपला १ मार्च २०२४चा राजीनामा मंजूर करण्यात आला असून ३० मार्च २०२४ रोजी कामाची वेळ संपल्यावर आपल्याला कार्यमुक्त केले आहे, आपल्याकडे संस्थेचे काही येणे नाही. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन नंबर आणि गोल शिक्का. वर जावक क्रमांक. नुसत्या सहीच्या, नाव नसलेल्या पत्राचा नव्या कंपनीला उपयोग नसतो, कारण खात्री करायला फोन कुणाला लावायचा?

मसुद्यात तीन ठिकाणी मी अडून बसलो. पहिलं नाव. आपल्या इलाख्यातल्या मुलांना हे बाहेर गेल्यावरच टोचतं. तेलुगू पद्धतीत आडनाव आधी येतं आणि पुष्कळदा नुसतं आद्याक्षर होऊन येतं. शिवाय 'त' लिहिताना इथले लोक इंग्रजी 'टी'पुढे 'एच' लावतात. भाचीच्या आधारवर नाव-आडनाव मराठी पद्धतीने आणि 'एच'शिवाय. दहावीच्या मेमोवर आडनाव आधी. जिनिंगच्या हजेरीपटावर आणि पगाराच्या स्लिपांवर आद्याक्षर आधी आणि नावात 'एच' घुसलेला. नागपूरच्या माणसाला या तीन वेगळ्या मुली वाटल्या तर त्याचा दोष नाही. म्हणून पत्रात आधारप्रमाणे नाव घातलं आणि पुढे एक वाक्य जोडलं की हजेरीपट आणि पगारपत्रकात हीच व्यक्ती अमुक नावाने नोंदलेली आहे.

दुसरं पद. भाचीला 'अकाउंटंट' लिहून हवं होतं. काम ती तेच करत होती, हे खरं. पण नेमणूकपत्रात आणि स्लिपांवर 'अकाउंट्स असिस्टंट' होतं, आणि कुणी फोनवर विचारलं की मुनीमजी तेच सांगणार. मी म्हणालो, पद स्लिपेवरचं ठेव आणि काम सविस्तर लिही. दाखल्यात मग खरेदीची बिलं, टॅलीतल्या नोंदी, पगारपत्रक, जीएसटीची कागदपत्रं जमवणं असं सगळं आलं. वाचणाऱ्याला त्यातून कळतं.

तिसरं तारीख. मुनीमजींना वाटलं, पत्रावर ३० मार्चच घालू, बरं दिसेल. मी नको म्हणालो. जावक रजिस्टरात मेमधल्या क्रमांकावर मार्चची तारीख बसत नाही, आणि खरं तर गरजही नाही. पत्र ६ मेला दिलं, त्यावर ६ मे लिहिलं, आत कार्यमुक्तीची तारीख ३० मार्च. यात काहीच वावगं नाही. पत्र उशिरा मिळू शकतं, कार्यमुक्तीची तारीख मात्र हलता कामा नये.

६ मेला मी भाचीच्या वडिलांसोबत गेलो. शेठजींनी मसुदा दोनदा वाचला, 'येणे नाही' या शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे तिचंही आमच्याकडे काही नाही ना?" तिचा मार्चचा पगार जमा झाला होता, म्हणून तसं एक वाक्य त्यांच्या समाधानासाठी घातलं. हिशेब खरोखर चुकता झाला असेल तरच असलं वाक्य मान्य करावं. पगार बाकी असताना त्यावर होकार देणं म्हणजे तो सोडून देणं. चहा झाला, सह्या झाल्या.

ते तयार झाले नसते तर काय, याचीही तयारी आम्ही ठेवली होती. भाचीने नागपूरच्या एचआरला आधीच एक ईमेल करून ठेवली होती: पत्र मागितल्याच्या तारखा, पोच घेतलेली राजीनाम्याची प्रत, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि नेमणूकपत्र. कंपनी गप्प बसलेल्या उमेदवारावर संशय घेते. मुदतीच्या आधी कागदांसकट अडचण कळवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी वेळ वाढवून मिळते.

पीएफची नोंद हा आणखी एक पुरावा. पीएफच्या पोर्टलवर View मध्ये Service History उघडली की कुठे कधी लागलात आणि कधी सोडलं ते दिसतं, आणि आजकाल नव्या कंपन्या तेच आधी बघतात. भाचीची रुजू झाल्याची तारीख तिथे बरोबर होती, सोडल्याची जागा रिकामी. जिनिंगने ती भरलीच नव्हती. अशा वेळी सभासदाला स्वतः भरता येते: Manage मध्ये Mark Exit. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पण शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबावं लागतं, म्हणून १५ मेच्या मुदतीत याचा उपयोग नव्हता. शिवाय शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली तारीख घालता येते, आणि तेव्हा एकदा भरलेली तारीख आपल्याला बदलता येत नव्हती.

जूनच्या अखेरीस ती दोन दिवसांसाठी घरी आली होती. शेजारी बसवून, कार्यमुक्तीचं पत्र समोर ठेवून तिच्याकडून ३० मार्च २०२४ ही तारीख भरून घेतली. ओटीपी यायला मात्र दहा मिनिटं लागली, कारण तिचं आधार अजून आईच्या मोबाइलला जोडलेलं होतं आणि आई बाजारात गेली होती.