‘मराठी करून द्या’, पण कोणती मराठी?

एका कार्यकर्त्या मित्राने इंग्रजीतला एक पानी कागद पाठवला. खाली एवढेच लिहिले होते, “दादा, याचं मराठी करून द्या, उद्या पाहिजे.” कागद ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 बद्दल होता. 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली आणि पोलिसांची कर्तव्ये या कलमात नेमकी नोंदवली गेली. तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि नोंदीची प्रत लगेच द्यायची, ही त्यातली दोन.

कागद कोणासाठी आहे हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. कायदा म्हटल्यावर हात आपोआप सरकारी मराठीकडे वळला. मी लिहिले, “तोंडी दिलेली माहिती लेखनिबद्ध करून स्वाक्षरी घेण्यापूर्वी माहितीदारास वाचून दाखविण्यात यावी.”

दुसऱ्या दिवशी हे वस्तीतल्या बायांच्या बैठकीत मोठ्याने वाचले गेले. एका मावशीने विचारले, “वाचून दाखवायला पोराला सोबत न्यायचं का?”

मावशीचे काय चुकले? काहीच नाही. मूळ इंग्रजीत अधिकाऱ्यानेच वाचून दाखवले पाहिजे असे स्पष्ट होते. माझ्या ‘दाखविण्यात यावी’मध्ये तो अधिकारी गायब झाला. पोलिसांवरची जबाबदारी मी नकळत मावशीच्या पोरावर टाकली होती. माझे व्याकरण शुद्ध होते आणि मावशीचा हक्क मात्र हरवला होता.

मग मी घाईत दुरुस्तीला बसलो आणि दुसरी चूक केली. वाक्ये तशीच ठेवून जागोजागी ‘आपण’ घातले. पण ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’ आणि ‘आपण सगळे’सुद्धा. फरक कळतो तो क्रियापदाच्या शेवटी. ‘आपण प्रत मागू शकता’ आणि ‘आपण प्रत मागू शकतो’ यांत एका अक्षराचे अंतर आहे. कानाने ऐकणाऱ्या बाईला वाटणार, प्रत संघटनेची माणसे मागतील.

एक तरुण सहकारी म्हणाला, “मग ‘तू’ लिहू या, जवळचं वाटतं.” इंग्रजीत ‘यू’ एकच आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. मराठीत प्रत्येक वाक्याला नाते ठरवावे लागते. आपण आईला ‘तू’ म्हणतो, ती माया असते. पण आमच्या आजोबांना गावातले शेंबडे पोरही ‘तू’ म्हणायचे, आणि आजोबांनी त्याला ‘जी मालक’ म्हणायचे. शब्द एकच, पण तो कुठून येतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. घरातून आलेला ‘तू’ चालतो; छापील कागदावरून, पोलीस ठाण्याच्या संदर्भात आलेला ‘तू’ कोणाची आठवण करून देईल? शिवाय ‘तू ठाण्यात गेलास’ लिहायचे की ‘गेलीस’, हेही ठरवावे लागते. ‘तुम्ही गेलात’मध्ये बाई-पुरुष दोघेही मावतात.

शेवटी पहिले सगळे बाजूला ठेवून नव्याने लिहिले:

“तुम्ही तोंडी सांगाल ते पोलीस लिहून घेतील. सही किंवा अंगठा घेण्याआधी अधिकाऱ्याने ते तुम्हाला वाचून दाखवलंच पाहिजे. वाचून दाखवलं नाही, तर आधी वाचा म्हणा. नोंदीची प्रत तिथेच मागा.”

नव्याने लिहावे लागले, कारण भाषेची पातळी नंतर वरून चढवता येत नाही. सर्वनाम बदलले की क्रियापद बदलते, क्रियापद बदलले की कर्ता पुढे आणावा लागतो आणि लांब वाक्य तोडावे लागते. अर्धवट बदल केला की ‘आपण ठाण्यात जावे आणि प्रत माग’ अशी खिचडी होते. एकाच कागदात आदराच्या दोन पातळ्या दिसल्या, तर सुरुवातीला काही ठरलेच नव्हते असे समजा.

याचा अर्थ सरकारी मराठी टाकाऊ आहे असा नाही. प्रत मिळाली नाही म्हणून पोलीस अधीक्षकांना अर्ज करायचा, तर तिथे ‘आपणास विनंती’ आणि ‘कलम 4 नुसार’ हीच भाषा हवी. पण तिथेही ‘प्रत देण्यात आली नाही’ असे मोघम लिहू नये. ‘ठाणे अंमलदाराने प्रत दिली नाही’ असे लिहावे. औपचारिक भाषेतही कर्ता ठेवता येतो.

आता कोणी ‘मराठी करून द्या’ म्हटले, की मी आधी तीन गोष्टी विचारतो. कोणाच्या हातात जाणार? तो वाचणार की ऐकणार? आणि बोलतोय कोण, संघटना की सरकार? मग एकच वाक्य करून पाठवतो आणि होकार आल्यावर पुढे जातो. उत्तर मिळाले नाही, तर थांबतो. कारण मी न विचारलेला प्रश्न शेवटी त्या मावशीला विचारावा लागला.