वेठ कोणी मोडली? : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना

जव्हारजवळच्या शिरपामाळावर शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे यांच्या १६६४ च्या भेटीची आठवण जपली आहे. राजांच्या भेटी लोकांच्या लक्षात राहतात. त्याच मुलखात सावकाराच्या शेतावर फुकट राबलेल्या वारल्यांची आठवण मात्र पुस्तकात शोधावी लागते. ते पुस्तक गोदूताई परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही ते पहिल्यांदा वाचले.

काही विद्यार्थी ते कादंबरी समजून हातात घेतात. ती कादंबरी नाही. किसान सभेची कार्यकर्ती १९४५ च्या सुमारास उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर जाते, तिथली वेठबिगार पाहते आणि माणसे एकत्र कशी येतात ते सांगते. मागण्या साध्याच होत्या. वेठ बंद करा, पाचशे पौंड गवत कापले की अडीच रुपये द्या. १० ऑक्टोबर १९४५ ला तळवाड्याला काय झाले, ते आम्ही इथे सांगणार नाही. ती पाने तुम्हीच वाचा.

आमचे मत स्पष्ट आहे. हे पुस्तक वाचलेच पाहिजे, आणि ते भीतीसाठी वाचावे. जमीनदाराची भीती अंगात कशी मुरते हे इथे नेमके दिसते. कायद्याने गुलाम नसलेला माणूसही मालकासमोर उभा राहू शकत नाही. लग्नासाठी कर्ज काढलेला गडी बायकोसह मालकाकडे अडकतो. कर्जाचा हिशोब मालकाच्याच वहीत असतो, आणि ती वही गड्याला वाचता येत नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेब का लढले, हे ज्याला कळते त्याला ही वही अनोळखी वाटणार नाही. गोदूताईंचे पती शामराव परुळेकर हे १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडूनच कायदेमंडळात निवडून आले होते. आमच्या चळवळीतले किती जण हे सांगतात?

तक्रारही आहे. वारली माणूस इथे बोलतो, पण बाहेरून आलेल्या, शिकलेल्या बाईच्या लेखणीतून. गोदूताई प्रामाणिक आहेत, पाड्यावर राहिलेल्या आहेत. तरीही लाल बावट्याआधी या माणसांनी काय काय करून पाहिले असेल, हा प्रश्न पुस्तक फारसे विचारत नाही. शीर्षकातच पाहा, माणूस ‘जागा होतो’. म्हणजे आधी तो झोपला होता काय? आम्हाला हे पटत नाही. जो रात्रंदिवस राबतो त्याला झोपलेला म्हणणे सोपे आहे.

महाविद्यालयातल्या वाचकांनी हे पुस्तक घ्यावे आणि मोखाड्या-जव्हारच्या एखाद्या आजीला शेजारी बसवून वाचावे. ती कुठे मान डोलावते आणि कुठे हसते, ते समासात लिहून ठेवावे.