प्रमोशन मागायचं म्हणजे नेमकं काय मागायचं?

चाकण एमआयडीसीत अप्रेझलचे फॉर्म फेब्रुवारीत हातात येतात. मार्चअखेर वर्ष संपतं आणि पत्रं एप्रिल-मेमध्ये मिळतात. त्यामुळे आपल्याला वाटतं, बोलायची वेळ एप्रिल. पण तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. मधल्या काळात सगळे एचओडी एकत्र बसतात, आपापल्या माणसांची नावं मांडतात आणि जागा मोजक्या असल्याने एकमेकांची नावं खोडतात. त्या खोलीत आपण नसतो, आपले सर असतात. समोरच्या लोकांनी आपलं कामही पाहिलेलं नसतं. म्हणून मी सरांकडे डिसेंबरात वेळ मागितला.

मी अ‍ॅल्युमिनियमचे कास्टिंग पार्ट मशीनिंग करून गाडीच्या कंपन्यांना देणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनियर आहे. चार वर्षं झाली होती. पण 'चार वर्षं झाली' हे कारण मी कागदावर लिहिलं नाही. रात्री कितीदा थांबलो, रविवारी कितीदा आलो, हेही नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये बसणारा प्रत्येक जण हे सांगू शकतो.

पहिल्या पानावर तीनच कामं होती. प्रत्येकापुढे आधी काय होतं, नंतर काय झालं आणि त्यात माझा वाटा किती. त्यातलं एक काम लीक टेस्टचं. आमच्या एका हाउसिंगचे बरेच पार्ट लीक टेस्टला बाद होत होते आणि दोष कास्टिंगमधल्या छिद्रांवर जात होता. मी बाद झालेले पार्ट बाजूला ठेवले आणि पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासले. त्यातले निम्म्याहून जास्त पास झाले. वॉशिंग मशीनमधून पार्ट कोमट बाहेर येत होता आणि लगेच टेस्टला लागत होता. टेस्ट चालू असताना तापमान बदललं की आतल्या हवेचा दाबही बदलतो आणि मशीनला ती गळती वाटते. मग पार्ट थंड होण्यासाठी मध्ये थांबा ठेवला, तो कंट्रोल प्लॅनमध्ये घातला आणि तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना समजावला. थंड करायचा कन्व्हेयर मेंटेनन्सने बनवला, हेही मी तिथेच लिहिलं. सगळं श्रेय एकट्याने घेतलं, तर मेंटेनन्सचे एचओडी त्याच मीटिंगमध्ये हरकत घेतील आणि बाकीचं पानही खोटं ठरेल.

सरांनी पान वाचलं. म्हणाले, "चांगलं आहे. पण हे तुझं कामच होतं ना रे?"

या प्रश्नासाठीच दुसरं पान होतं. पहिलं पान सांगतं की मी आजची खुर्ची नीट सांभाळतो. त्यावर चांगलं रेटिंग मिळतं, इन्क्रीमेंट मिळतं. प्रमोशनसाठी पुढच्या खुर्चीतलं काम दाखवावं लागतं. आमच्या एचआरकडून सीनियर इंजिनियरचं जॉब डिस्क्रिप्शन मागून घेतलं होतं. त्यात चार मुख्य जबाबदाऱ्या होत्या: कस्टमर ऑडिट एकट्याने सांभाळणं, वेगवेगळ्या डिपार्टमेंटना बसवून पीएफएमईए सुधारणं, ज्युनियरना तयार करणं आणि सप्लायरकडची क्वालिटी सुधारणं. प्रत्येकीपुढे मी 'करतोय', 'अर्धं करतोय' किंवा 'अजून नाही' असं लिहिलं. पीएफएमईए आणि ज्युनियरपुढे 'करतोय' होतं, उदाहरणासकट. लीक टेस्टचं काम इथे पुन्हा आलं, पण वेगळ्या अंगाने: तीन डिपार्टमेंटना एका टेबलावर कोणी आणलं, म्हणून. ऑडिटपुढे 'अर्धं'. सप्लायरपुढे 'अजून नाही'.

मग मी विचारलं, "सर, यातलं काय पूर्ण झालं तर तुम्ही मीटिंगमध्ये माझं नाव ठामपणे मांडू शकाल?"

'मला प्रमोशन द्या' याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि बहुतेकदा 'बघू' असतं. या प्रश्नाला सरांना बोट ठेवावं लागलं. त्यांनी सप्लायरवर ठेवलं. "या वर्षी जागा एकच आहे आणि ती टूलरूमला जाईल असं दिसतंय. तू भोसरीचा आपला मशीनिंगवाला घे. सहा महिने. पुढचं ऑडिटही तूच घे, मी मागे बसतो."

त्याच संध्याकाळी मी चार ओळींचा मेल टाकला: कोणती दोन कामं, कधीपर्यंत, कशावरून पूर्ण समजायची आणि पुन्हा कधी बसायचं. तोंडी ठरलेलं सहा महिन्यांत दोघांनाही वेगवेगळं आठवतं. शिवाय सरच बदलून गेले, तर नव्या माणसापुढे शून्यापासून सुरुवात होते.

त्या एप्रिलच्या पत्रात फक्त इन्क्रीमेंट होतं. ग्रेड त्याच्या पुढच्या एप्रिलला बदलली. जागाच नसेल तर कुठलंही पान ती निर्माण करत नाही, हे खरंच आहे. पण मधलं वर्ष 'बघू'वर गेलं नाही. आणि तीच दोन पानं, तारखा बदलून, रांजणगावच्या एखाद्या कंपनीत इंटरव्ह्यूला नेता आली असती, हे सरांनाही कळत होतं.