पुढे की अलीकडे?

इंग्रजी भाषेत क्रियापदांचा एक वर्ग असा आहे की, त्यातील प्रत्येक शब्द विद्यार्थ्यास पाठ असतो आणि तरीही वाक्याचा अर्थ त्याच्या हाती लागत नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे पाचवीतील मुलासही ठाऊक असते. ‘ऑफ’ हा शब्द तर घरोघरी विजेच्या बटणावर वाचावयास मिळतो. परंतु या दोहोंची बेरीज करून ‘पुट ऑफ’ म्हणजे ‘दूर ठेवणे’ किंवा ‘बंद ठेवणे’ असे जो लिहील, तो फसल्यावाचून राहणार नाही. अशा क्रियापदांस इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. आपण सोयीसाठी त्यांस जोडक्रियापदे म्हणू.

हा प्रकार आपल्या मायबोलीस परका आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘तो सगळे पैसे देऊन बसला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी खरोखर खाली बसलेला नसतो. जे करावयास नको होते ते हातून होऊन गेले, एवढेच ‘बसला’ हा शब्द सुचवितो. ‘अभ्यास करून टाक’ यात काही फेकावयाचे नसते. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे, ती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी. भेद इतकाच की, मराठीत अर्थास वळण देणारे दुसरे क्रियापद पहिल्यास बिलगून वाक्याच्या शेवटी उभे असते. इंग्रजीत ते काम एक चिमुकला शब्द करतो, आणि तो कधी कधी आपल्या क्रियापदास सोडून चार शब्द पलीकडे जाऊन बसतो.

आमच्या जालना जिल्ह्यात या चिमुकल्या शब्दांचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते राहिलेले नाही. लोखंडी सळया, बियाणे आणि मोसंबी यांचा येथील व्यापार दूरदूरच्या गावांशी चालतो, आणि त्यासंबंधीची पत्रे आता ई-मेलने व बहुधा इंग्रजीत येतात. घरातील जे मूल इंग्रजी शाळेत जाते, त्याच्याकडेच ती वाचून दाखविण्याचे काम येते. अंबड तालुक्यातील एका बागाईतदाराचा मुलगा आमच्याकडे इंग्रजी शिकावयास येत असे. मुंबईच्या एका पेढीकडून त्याच्या वडिलांस आलेला ई-मेल त्याने एका रविवारी आम्हांस दाखविला. मोसंबी भरण्यासाठी गाड्या शुक्रवारी, म्हणजे 20 तारखेस, यावयाच्या ठरल्या होत्या. त्यासंबंधी पेढीने लिहिले होते: ‘द लोडिंग हॅज बिन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज.’

मुलाने याचे मराठी केले होते, ‘माल भरणे दोन दिवस पुढे नेले आहे.’ वडिलांनी अर्थातच त्यावरून गाड्या रविवारी, 22 तारखेस, येतील असे धरले, आणि शनिवारी तोडणीस या, असे मजुरांच्या मुकादमास सांगितले. वस्तुतः ‘ब्रिंग फॉरवर्ड’ याचा अर्थ नेमका उलटा आहे. ठरलेली गोष्ट ठरल्या दिवसाच्या आधी घेणे, म्हणजेच ‘अलीकडे आणणे’, हा तो अर्थ होय. गाड्या बुधवारी, 18 तारखेस, बागेच्या बांधाशी येऊन उभ्या राहणार होत्या आणि त्या दिवशी फळे झाडावरच असणार होती. एका शब्दाने चार दिवसांचे अंतर पाडले होते.

चूक कोठे झाली, हे पाहण्याजोगे आहे, कारण शब्दाचा अर्थ मुलास येत नव्हता असे मुळीच नाही. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, हे बरोबरच आहे. परंतु काळाविषयी बोलताना मराठी माणूस स्वतःस वाटसरू कल्पितो. तो चालत असतो, येणारे दिवस त्याच्या पुढे असतात, आणि म्हणून ‘पुढे’ गेलेली गोष्ट त्याच्यापासून लांब जाते, उशिरा होते. ‘पुढे ढकलणे’ हा आपला प्रयोग याच कल्पनेतून निघाला. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ या प्रयोगात मात्र वाटसरू ठरलेली घटना आहे. ती आपल्याकडे तोंड करून येत असते. तिला आणखी पुढे आणले की ती आपल्या जवळ येते, लवकर होते. दोन्ही भाषांत ‘पुढे’ आहे, पण कोणाच्या पुढे, याचे उत्तर निराळे आहे.

याच कारणाने ‘पुट बॅक’ हा प्रयोगही भाषांतरकारास चकवितो. इंग्लंडातील लेखक सभा ‘पुट बॅक’ झाली असे लिहितो, तेव्हा ती लांबणीवर पडलेली असते. आपला विद्यार्थी ‘मागे घेतली’ असे लिहितो, आणि मराठी वाचकाच्या मनात सभा रद्द झाल्याचा ग्रह होतो. तेव्हा तारखेच्या बाबतीत पुढीलप्रमाणे समीकरण ध्यानात ठेवावे: ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट बॅक’ यांस ‘पुढे ढकलणे’ किंवा ‘लांबणीवर टाकणे’, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ यास ‘अलीकडे आणणे’ किंवा ‘आधी घेणे’. या शेवटच्या अर्थी आपल्या देशात ‘प्रीपोन’ हे क्रियापद रूढ आहे व ते सोयीचेही आहे. परंतु परदेशी मनुष्यास ते अपरिचित वाटण्याचा संभव असल्यामुळे त्यास लिहिताना ते टाळलेले बरे.

आता त्याच ई-मेलातील पुढील वाक्ये घेऊ. दुसरे वाक्य होते: ‘प्लीज डू नॉट पुट द पिकिंग ऑफ.’ येथे ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये ‘द पिकिंग’, म्हणजे तोडणी, येऊन बसली आहे. म्हणून ‘पुट’ दिसताच लेखणी चालवू नये. वाक्य शेवटपर्यंत वाचून त्याचा सोबती कोठे सापडतो का ते पाहावे. कर्माच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ असे सर्वनाम असेल, तर ते नेहमी मध्येच येते. ‘पुट इट ऑफ’ म्हणतात, ‘पुट ऑफ इट’ असे कोणी म्हणत नाही. कोशातही असा प्रयोग ‘ऑफ’ या शब्दाखाली शोधू नये. तो बहुधा ‘पुट’ या क्रियापदाखाली, साधे अर्थ संपल्यावर, दिलेला असतो. या वाक्याचे भाषांतर ‘तोडणी लांबवू नये’ असे साधे होईल.

तिसऱ्या वाक्यात मागील मालाच्या पैशांविषयी लिहिले होते की, ते ‘पुट ऑफ टिल द थर्टिएथ’ झाले आहेत. मुलाने ‘30 तारखेपर्यंत पुढे ढकलले’ असे केले होते. यात ‘पुढे ढकलले’ बरोबर आहे, परंतु ‘पर्यंत’ या शब्दाने घोटाळा होतो. 30 तारखेपर्यंत म्हटले की, 25 तारखेसही पैसे येतील अशी आशा वाचणाऱ्यास वाटते. पेढीचे म्हणणे 30 तारखेस देऊ असे होते. म्हणून मराठीत ‘30 तारखेवर ढकलले’ असे लिहावे.

चौथ्या वाक्यात तेच ‘पुट ऑफ’ पुन्हा आले होते, पण निराळ्या अर्थाने. गेल्या हंगामातील बारीक फळाने ‘पुट अवर बायर्स ऑफ’, असे ते वाक्य होते. येथे ‘गिऱ्हाइकांस पुढे ढकलले’ असे म्हणता येत नाही, हे मुलासही कळत होते; पण मग काय म्हणावे, ते सुचेना. यास एक सोपी खूण आहे. ‘पुट ऑफ’चे कर्म कोणते, ते विचारावे. कर्म म्हणजे सभा, काम, तारीख, पैसे असे काही असेल, तर ‘पुढे ढकलणे’. कर्म मनुष्य असेल, तर दोन अर्थ संभवतात. कर्ता एखादी वस्तू, वास किंवा किंमत असेल, तर ‘मन उडणे’, ‘मन फिरणे’. आणि कर्ता मनुष्य असून सोबत काही सबब सांगितली असेल, तर ‘वाटेला लावणे’ किंवा ‘टोलविणे’. प्रस्तुत वाक्यात कर्ता बारीक फळ आहे, म्हणून ‘गेल्या हंगामातील बारीक फळामुळे आमच्या गिऱ्हाइकांचे मन उडाले’ असे भाषांतर झाले. ही खूण सर्वच जोडक्रियापदांस लागू पडेल असे नाही. परंतु एका प्रयोगाचे अनेक अर्थ असतील, तेथे कर्ता व कर्म पाहिल्याने बरीच वाट मोकळी होते.

शेवटच्या वाक्यात पेढीने कळविले होते की, तिसऱ्या गाडीवाचून ते ‘गेट अलाँग’ करतील. ‘गेट अलाँग’ या प्रयोगाची मराठी तीन प्रकारे होते. ‘विथ’ या शब्दापुढे मनुष्य आला, तर ‘पटणे’ किंवा ‘जमणे’. कोणी कसा ‘गेट अलाँग’ करीत आहे अशी नुसती विचारपूस असेल, तर ‘कसे काय चालले आहे’. आणि ‘विदाउट’ आले, तर ‘वाचून भागणे’. या तिहींत वाक्याची बांधणी बदलते, हे विशेष ध्यानात घ्यावे. इंग्रजीत ‘वुई’ हा कर्ता असतो. मराठीत ‘आम्ही पटतो’ असे होत नाही, ‘नव्या ड्रायव्हरशी आमचे पटते’ असे होते. त्याचप्रमाणे येथेही ‘तिसऱ्या गाडीवाचून आमचे भागेल’ असे लिहावयाचे. जो ‘आम्ही’ने वाक्यास आरंभ करील, त्यास ते नीट संपविता येणार नाही.

त्याच रात्री मुकादमास दूरध्वनी गेला आणि तोडणी शनिवारऐवजी मंगळवारी ठरली. दोन दिवसांत मजूर गोळा करणे सोपे नव्हते; शेजारच्या वस्तीवरून चार माणसे जादा रोजाने बोलवावी लागली. मोसंबी हे फळ झाडावरून उतरल्यावर आंब्याप्रमाणे पिकत नाही, केवळ वाळत व हलके होत जाते. त्यामुळे वेळेआधी तोडून ठेवणे जसे तोट्याचे, तसेच रिकाम्या गाड्या बांधावर उभ्या करणेही तोट्याचे.

पेढीस उत्तर लिहिताना मुलाने विचारले, “सर, आपणही ‘ब्रॉट फॉरवर्ड’ असेच लिहावयाचे का?” आम्ही त्यास सांगितले की, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अवश्य लिही; व्यवहारात मात्र वार आणि तारीख दोन्ही लिही, म्हणजे कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे, हा प्रश्नच उरणार नाही. त्याने आमच्यासमोर एका ओळीचे उत्तर टाईप केले. गाड्या बुधवार, दिनांक 18 रोजी येणार असे आम्ही समजतो, तरी तसे कळवावे, एवढाच त्याचा मजकूर होता. अर्ध्या तासाने पेढीचे उत्तर आले, आणि त्यात ‘येस’ या एका शब्दाखेरीज काहीही नव्हते.